४८ तासांच्या डबल पॉझिटिव्हवर ‘अपॉप्टोसिस’ लिहायचं का?

घाटाखालची (रत्नागिरी)
एमएस्सीचं डेझर्टेशन आहे. कोकमाच्या सालीचा अर्क हेला पेशींवर, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४८ तास. एमटीटीत व्हायेबिलिटी ५० टक्के आली. ॲनेक्सिन-पीआयमध्ये ४३ टक्के पेशी डबल पॉझिटिव्ह. गाईड म्हणतात, शीर्षकात ‘अपॉप्टोसिस’ घाल. प्रेझेंटेशनला आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या, हे नेक्रोसिसही असू शकेल. कोणाचं धरू?

दर्यावर्दी
गाईडचं धर. किटच्या कागदावर चार चौकोन छापलेले असतात ते बघ. खाली उजवीकडे अर्ली, वर उजवीकडे लेट अपॉप्टोसिस, वर डावीकडे नेक्रोसिस. तुझ्या पेशी वर उजवीकडे आहेत. नेक्रोसिस असता तर नुसतं पीआय लागलं असतं, ॲनेक्सिन लागलंच नसतं. शिवाय एमटीटीत अर्ध्या मेल्या आणि फ्लोत ४३ टक्के मेल्या. दोन वेगळ्या पद्धती जवळजवळ एकच आकडा सांगतायत, अजून काय पाहिजे? परीक्षकांना काहीतरी विचारायचंच असतं.

फ्लोवाली मावशी
दर्यावर्दी, चौकोनांवरची नावं छापणाऱ्याने सोयीसाठी दिलेली आहेत, पेशींना ती माहीत नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन एरवी पडद्याच्या आतल्या बाजूला असतं. अपॉप्टोसिसमध्ये पडदा शाबूत असतानाच ते बाहेर येतं, म्हणून आधी नुसतं ॲनेक्सिन चिकटतं. नेक्रोसिसमध्ये पडदाच फाटतो. मग ॲनेक्सिन त्या भोकातून आत शिरतं आणि आतल्या बाजूच्याच फॉस्फॅटिडिलसेरीनला जाऊन चिकटतं, पीआय तर शिरतंच. म्हणजे नेक्रोटिक पेशीही डबल पॉझिटिव्हच दिसते. वर डावीकडे ज्या थोड्या दिसतात, त्यांत बऱ्याचदा ओरबाडून काढताना फुटलेल्या पेशी आणि सुट्टी केंद्रकं असतात.

दुसरी गोष्ट, प्लेटमध्ये कचरा उचलणारं कोणी नसतं. शरीरात अपॉप्टोटिक पेशी भक्षक पेशी गिळून टाकतात. इथे ती पडून राहते आणि काही तासांनी तिचाही पडदा फाटतो. ४८ तासांनी दोन्ही वाटांनी मेलेल्या पेशी एकाच चौकोनात जमलेल्या असतात. कुठल्या वाटेने आल्या हे त्या चौकोनाकडे बघून सांगता येत नाही.

घाटाखालची, दोन आकडे दे. औषध न दिलेल्या कंट्रोलचे चारही चौकोन, आणि एमटीटीचे टक्के नकोत, मूळ ओडी.

घाटाखालची
ब्लँक वजा करून ओडी: कंट्रोल १.२०, अर्क दिलेले वेल ०.६०. औषध घालायच्या दिवशीही एक प्लेट वाचली होती, सरांनी सांगितलं म्हणून. ती ०.३०. तिचं काय करायचं ते कळलं नाही, वापरली नाही.

फ्लो, कंट्रोल: जिवंत ७१, अर्ली ४, डबल १९, नुसतं पीआय ६.
अर्क: जिवंत ४२, अर्ली ७, डबल ४३, नुसतं पीआय ८.

फ्लो मशीन आमच्याकडे नाही. इथेच पेशी काढल्या, रंग दिला, बर्फात ठेवून आंबा घाटाने कोल्हापूरला नेल्या. पोचून नंबर लागेपर्यंत साडेचार तास झाले होते.

फ्लोवाली मावशी
मग ते १९ तिथेच झाले. निरोगी हेला कंट्रोलमध्ये साधारण ९० टक्क्यांच्या वर जिवंत दिसायला हव्यात. ॲनेक्सिन-पीआय लावल्यावर नमुना तासाभरात वाचायचा असतो. पीआय हळूहळू ताणाखालच्या पेशींतही शिरत राहतं, आणि पेशी बाइंडिंग बफरमध्ये बसून मरतच असतात. बर्फाने वेग कमी होतो, थांबत नाही. अर्काने आधीच दुबळ्या झालेल्या पेशी प्रवासात कंट्रोलपेक्षा जास्त मेल्या असणार. त्यामुळे ४३ मधून १९ वजा केले की झालं, असंही करता येणार नाही.

आता ती न वापरलेली प्लेट. सगळ्यात कामाची तीच. सुरुवात ०.३०. ४८ तासांत कंट्रोल १.२० झाला, म्हणजे पेशी दोनदा दुप्पट झाल्या, हेलाला ते शोभतं. अर्कातल्या वेलमध्ये ०.६०. सुरुवातीपेक्षा दुप्पट! ‘५० टक्के व्हायेबिलिटी’ वाचून लोक समजतात निम्म्या मेल्या. या आकड्यांवरून एकही मेली नसेल आणि सगळ्या नुसत्या सावकाश वाढल्या असतील, तरी ५० टक्केच येणार.

दर्यावर्दी
कागदावर ठीक आहे. पण फ्लोत मेलेल्या दिसतायत ना? मग वाढल्या कशा?

फ्लोवाली मावशी
बरोबर विचारलंस. काही मरत असतील, काही वाढत असतील, दोन्ही एकदम चालू शकतं. नाहीतर ०.६० हाच आकडा फुगलेला असेल. माझा संशय त्यावर जास्त आहे. घाटाखालची, पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून बघितलंस का? कोकमात गार्सिनॉल आणि अँथोसायनिन असतात, अशी संयुगं पेशीशिवायच एमटीटीला जांभळं करू शकतात.

कणकवलीकर
माका एक सांगा. माझ्या मावशेचा केमो चालू आसा. ती रोज सोलकढी पिता आणि असला काय काय वाचून गोळये बंद करूक बघता. कोकमान कॅन्सर मरता तर चलात काय?

खारवी डॉक्टर
नाही हो, गोळ्या अजिबात बंद करू देऊ नका. इथे प्लेटमधल्या पेशींवर थेट अर्क ओतलाय. सोलकढीतून पोटात गेलेलं रक्तात किती आणि कुठल्या रूपात पोचतं, हा वेगळाच प्रश्न आहे. सोलकढी चालते का ते तिच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा. तोंड आलं असेल तर आंबट झोंबेल.

घाटाखालची
आज करून बघितलं. पेशी नसलेल्या वेलमध्ये मीडियम, अर्क, एमटीटी, चार तास. डीएमएसओ घातल्यावर डोळ्यांनाच फिकट जांभळं दिसलं. ओडी ०.२२. शेजारच्या वेलमध्ये अर्क तसाच ४८ तास ठेवला होता, तो काढून पीबीएसने दोनदा धुतला आणि मग नव्या मीडियममध्ये एमटीटी घातलं, तिथे ०.०३. म्हणजे ०.६० मधून ०.२२ काढले तर ०.३८?

फ्लोवाली मावशी
अंदाजाला चालेल, प्रबंधात नको. पेशी असताना अर्काचं काय होतं ते रिकाम्या वेलमधून तंतोतंत कळत नाही. धुऊन पुन्हा प्लेट लाव. धुताना सैल झालेल्या पेशी वाहून जातात, म्हणून कडेने हळू ओत. पण समज ०.३८ आलं, तर गोष्ट बदलली. सुरुवातीला ०.३० होतं, म्हणजे वाढ जवळजवळ थांबली. आता ‘मरण आणि वाढ यांची बरोबरी’ आणि ‘मरण नाही, वाढही नाही’ या दोन्ही शक्यता उरतात. एमटीटी यापुढे काहीही सांगू शकत नाही. ते पेशीचं चयापचय मोजतं. अर्ली अपॉप्टोसिसमधली पेशीही त्याला जांभळं करते.

दर्यावर्दी
बरं, ॲनेक्सिनबद्दल माझं चुकलं, मान्य. पण मुलीचं सबमिशन जवळ आलंय. वेस्टर्न नाही, फ्लो १३० किलोमीटरवर. किनाऱ्यावरच्या कॉलेजांनी मग मरणाच्या वाटा अभ्यासूच नयेत का? एमटीटी आणि ४८ तासांचं ॲनेक्सिन यावर पेपर छापून येतात, ते सगळे खोटे?

खारवी डॉक्टर
छापून येतं म्हणून खरं होत नाही. पण तुमच्या चिडण्यात तथ्य आहे. मार्ग स्वस्तातला आहे. फक्त वेळ बदला. त्याच अर्काने ६, १२ आणि २४ तासांवर बघा. अपॉप्टोसिस असेल तर आधी नुसत्या ॲनेक्सिनवाल्यांचा ढीग वाढेल आणि नंतर तो वर डबलकडे सरकेल. नेक्रोसिस असेल तर मधला थांबा न घेता थेट डबलमध्ये उडी दिसेल.

फ्लोवाली मावशी
एक पुरवणी. सगळ्या पेशी एकाच वेळी मरायला लागत नाहीत, म्हणून मधला ढीग कधी कधी इतका लहान असतो की सुटतो. त्यासाठी एक ओळ झेड-व्हीएडीची लाव. अर्काच्या तासभर आधी २० मायक्रोमोलर, आणि एका वेलमध्ये तेवढंच डीएमएसओ. कॅस्पेस अडवल्यावर मरणारे निम्म्याने कमी झाले, तर ‘कॅस्पेसवर अवलंबून’ असं निर्धास्त लिही. काहीच फरक पडला नाही, तर आधी ते इनहिबिटर चाललं का ते तपास: १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरीन दिलेल्या पेशी त्याने वाचायला हव्यात. दुसऱ्या टोकाला, ५६ अंशांवर तापवून मारलेल्या पेशी नेक्रोसिसचा कंट्रोल म्हणून ठेव. त्या कुठल्या चौकोनात पडतात ते दर्यावर्दींनाही दाखव.

घाटाखालची
आमच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे. त्यावर जमेल?

फ्लोवाली मावशी
जमेल, आणि घाट चढायला नको. बाइंडिंग बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम आहे ना बघ, त्याशिवाय ॲनेक्सिन चिकटतच नाही. पेशी वेलमध्येच ठेव, ट्रिप्सिन-ईडीटीए नकोच. तरंगत्या पेशी मात्र टाकू नकोस, त्या वेगळ्या स्पिन करून बघ. मेलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त त्यांतच असू शकतात. पंधरा मिनिटं अंधारात, आणि लगेच बघ. अर्ली अपॉप्टोटिक पेशीच्या कडेला हिरवी कडी दिसते, आत लाल काही नाही. पडद्यावर फुगवटे असतील तर ते जास्त चमकतात. नेक्रोटिक पेशी सुजलेली, फिकट, आत सगळं लाल. अर्क दिलेली पण रंग न दिलेली एक प्लेटही बघ, कोकम स्वतःच चमकत असेल तर आधीच कळेल. प्रत्येक वेळेला निदान २०० पेशी मोज, आणि मोजणाऱ्याला प्लेट कुठली ते सांगू नकोस.

दर्यावर्दी
डोळ्यांनी मोजलेल्या २०० पेशी परीक्षकांना पटणार नाहीत. फ्लोचा आकडा लागतोच.

खारवी डॉक्टर
कंट्रोलमध्ये १९ टक्के डबल असलेल्या हजारो पेशींपेक्षा मला त्या २०० पटतील. फ्लो हवाच असेल तर पेशी तिकडच्याच इन्क्युबेटरमध्ये लावा आणि औषध तिथेच द्या. फ्लास्क तोंडापर्यंत मीडियमने भरून झाकण घट्ट लावला, तर पेशी घाट सुखरूप चढतात. औषध दिलेल्या पेशी नेऊ नका.

घाटाखालची
सरांना ०.२२ चा आकडा दाखवला. धुऊन पुन्हा एमटीटी करायला तयार झाले. शीर्षकातून ‘अपॉप्टोसिस’ काढायला अजून तयार नाहीत. म्हणतात, झेड-व्हीएडी आलं की बघू. ते मागवलंय, पोचायला तीन आठवडे. तोवर १२ आणि २४ तासांच्या प्लेटी मायक्रोस्कोपखाली लावते. ६ तासांची लावू का, की पेशी वाया जातील?

फ्लोवाली मावशी
लाव. गार्सिनॉलसारखं काही पडद्यावरच थेट घाव घालत असेल, तर ते ६ तासांतच दिसेल.