कॅनबेरा मध्यावर नाहीच
>> सिडनी आणि मेलबर्न भांडत होते म्हणून दोघांच्या बरोबर मध्यावर कॅनबेरा वसवलं.

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीवरून भांडण झालं हे खरं, पण कॅनबेरा मध्यावर नाही. रस्त्याने सिडनी सुमारे २८० किमी, मेलबर्न साडेसहाशेच्या पुढे. हे सौद्यामुळे झालं. वसाहतींनी एकत्र येऊन संघराज्य करावं का, यावरच्या १८९८ च्या सार्वमतात सिडनी ज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये संघराज्याच्या बाजूने ठरलेली किमान ८०,००० मतं पडली नाहीत. मग १८९९ मध्ये वसाहतींच्या मुख्यमंत्र्यांनी मिळून तोड काढली: राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच, पण सिडनीपासून निदान १०० मैल लांब, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नमध्ये. राज्यघटनेच्या कलम १२५ मध्ये हेच आहे. १९०४ मध्ये डॅलगेटी हे गाव कायद्याने ठरलंही होतं. ते सिडनीला फार दूर म्हणून राज्याने हरकत घेतली आणि १९०८ मध्ये यास-कॅनबेरा परिसर निवडला गेला.

पाण्याचाही मुद्दा होता. राजधानीला स्वतःचं पाणी हवं म्हणून कॉटर नदीचं पाणलोट क्षेत्र राजधानीच्या प्रदेशात घेतलं. नकाशावर पश्चिमेची वेडीवाकडी सीमा दिसते ती डोंगरधारेवरची पाणलोट रेषा आहे.

आणि घोषणा केली की राजधानी हलते, असंही नाही. संसद १९२७ मध्ये आली, पण संरक्षण खात्याचं मुख्यालय १९५० च्या दशकाच्या शेवटापर्यंत मेलबर्नलाच होतं. घरं नाहीत, तर कारकुनांनी यायचं कुठे? सर्वोच्च न्यायालयाची इमारत तर १९८० मध्ये उघडली. व्यापार आणि बंदरं मात्र सिडनी-मेलबर्नकडेच राहिली, त्यामुळे लोकसंख्येत कॅनबेरा त्या दोघांच्या जवळपासही नाही.