दुसरी धाव सहा टक्के हळू: पेस कसा काढायचा

> '१०-४०-५ ड्युएथलॉन २ तास ४५ मिनिटांत करायची आहे. दुसरी धाव ६% हळू धरली तर दोन्हींचा पेस किती?'

आधी सायकल बाजूला काढा. ताशी ३० किमीने ४० किमीला ८० मिनिटं, दोन्ही ट्रान्झिशनची मिळून ५. धावायला उरली ८० मिनिटं, म्हणजे ४८०० सेकंद.

इथे बरेच जण १५ किमीने भागून ५:२० काढतात आणि पहिली धाव त्याच पेसने पळतात. मग दुसऱ्या धावेतली घट भरून निघायला जागाच उरत नाही. त्याऐवजी दुसऱ्या धावेचे ५ किमी १.०६ ने गुणा, ५.३ होतात. त्यात पहिले १० मिळवले की १५.३. आता ४८०० भागिले १५.३, साधारण ३१४ सेकंद. म्हणजे पहिली धाव ५:१४ ने, दुसरी ५:३२ ने.

सहा टक्के हा आकडा मात्र सरावातून यायला हवा. शर्यतीच्या जोराने सायकल मारून लगेच ३ किमी पळा आणि घट मोजा. दहाच्या वर गेली तर मी आधी सायकलचाच जोर कमी करून बघेन.

आणखी एक. सायकलवरून उतरल्यावर वेगाचा अंदाज साफ चुकतो. पाय जड, आपण रखडतोय असं वाटतं, आणि घड्याळात ५:०५ दिसतो! माझं दोनदा झालंय, दोन्ही वेळा तिसऱ्या किलोमीटरला पाय संपले. पहिल्या ५०० मीटरला २:४६ च्या आत पोचलात तर आवरा.