मदत हवी आहे: इंटर्नशिपचा पहिला महिना, रोज वाटतं आज पकडली जाणार

सायली_सिडको

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीत इंटर्नशिप सुरू होऊन सव्वीस दिवस झाले. आजूबाजूचे सगळे पंधरा-वीस वर्षं याच कामात आहेत. एक काका शाफ्ट नुसता हातात धरून "हा जरा भरतोय" म्हणतात आणि तो खरंच मोठा निघतो.

गेल्या मंगळवारी 25 मिमीच्या शाफ्टचा लॉट माझ्याकडे होता. टॉलरन्स h7, म्हणजे 24.979 ते 25.000. मायक्रोमीटरवर मला 24.49 दिसलं. पुढच्या नगालाही तेच. मी चाळीस नगांना लाल टॅग लावले आणि मशीन थांबवायला सांगितलं. काकांनी एक नग मोजला, 24.99. स्लीव्हवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ मी धरलीच नव्हती. ते रागावले नाहीत, गुपचूप टॅग काढत बसले. त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून प्रत्येक रीडिंग चार वेळा घेते, तरी लिहिताना हात अडतो. माझी निवड चुकून झाली आणि आता ते सगळ्यांना कळणार, असं वाटत राहतं. यातून कसं बाहेर पडू?

गंगापूर_रोडकर

हा इम्पोस्टर सिंड्रोम नावाचा आजार आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये शोधला. सगळ्यांना होतो. उपाय एकच, आत्मविश्वास चेहऱ्यावर ठेवायचा. येत नसलं तरी येतंय असं वागायचं, हळूहळू येतं.

आर्टिकलवाला

माझंही अगदी हेच! सीएच्या ऑफिसात आठ महिने झाले, अजून नुसत्या झेरॉक्स काढतोय. शिकवतच नाहीत. ताई, सरळ कंपनी बदला.

सायली_सिडको

दादा, माझं उलटं आहे. इथली माणसं विचारलं तर हातातलं काम सोडून शिकवतात. मलाच विचारायची लाज वाटते.

मोजमाप

मी क्वालिटीत सतरा वर्षं आहे, सातपूरला. आधी गंगापूर रोडकरांचं. त्या दोघींनी याला आजार म्हटलं नव्हतं. कामात यश मिळवलेल्या बायकांना तरीही ते नशिबानं मिळालं असं वाटतं, हे त्यांनी मांडलं होतं. आणि गेज हातात असताना येत नसलेलं येतंय असं दाखवू नकोस बाई, तो नग ग्राहकाकडे जातो.

सायली, तुझ्या दोन गोष्टी एकात मिसळल्या आहेत. अर्धी रेघ सुटली ही चूक आहे आणि ती शिकून जाते. थिंबलच्या एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर असतो, त्यामुळे 24 नंतर खालची रेघ उघडी दिसली की 0.50 धरायचे आणि मग थिंबलचे 49. आधी व्हर्नियर लावून बघायची सवय ठेव. व्हर्नियर 24.98 च्या आसपास दाखवतोय आणि मायक्रोमीटर 24.49, म्हणजे घोळ वाचण्यात आहे. चालू लॉटमध्ये मशीन एकदम अर्धा मिलिमीटर खाली येणं फार क्वचित, तेव्हा टॅग लावण्याआधी तिथेच थांबायचं.

दुसरी गोष्ट, तू स्वतःला फसवी म्हणतेस. ते मनानं ठरवू नकोस, मोजून बघ. आपण नवीन गेज तपासतो तसं. दहा नगांना मार्करनं नंबर टाक, मोज, कागद उलटा ठेव. क्रम बदलून पुन्हा मोज. मग काकांकडून तेच दहा मोजून घे आणि तिन्ही रकाने शेजारी मांड. तुझीच दोन रीडिंग हलत असतील तर दाब कमीजास्त होतोय, रॅचेट वापर. तुझी दोन्ही जुळतात पण काकांपासून सगळी एकाच बाजूला सरकलीत, तर झीरो बघ. एखादंच नेमकं 0.50 नं चुकलं, तर तीच रेघ.

गंगापूर_रोडकर

आजार म्हणायला नको होतं, मान्य. पण नवीन माणसानं थोडं धीट दिसावं, हे मी सोडणार नाही.

सायली_सिडको

आज केलं. काकांना विचारताना घसा कोरडा पडला होता, ते म्हणाले, "आण की." अर्धी रेघ एकदाही सुटली नाही. आठ नग काकांच्या रीडिंगला 0.01 च्या आत जुळले. 4 आणि 7 नंबरला माझीच दोन रीडिंग 0.02 नं हलली. तिथे मी रॅचेट सोडून थिंबलच फिरवत होते, काकांनी बोट ठेवून दाखवलं.

तो कागद वहीत चिकटवलाय. पण सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे ड्रॉइंगवर बोलायला लागले की पोटात गोळा येतोच. ते कसं मोजायचं?

मोजमाप

ते मला नाही मोजता येत. मला स्वतःला ड्रॉइंगच्या मीटिंगमध्ये तोंड उघडायला वर्ष लागलं होतं. तू उद्या समजलं नाही ते एक चिन्ह वहीत उतरवून घे आणि जेवणाच्या सुट्टीत काकांना विचार. आणि 4 नंबर पुन्हा मोज, रॅचेटनं. तो काठावरचा असेल तर 0.001 वाला मायक्रोमीटर मागून घे.