खुर्ची आडवी करून ठेवायला सांगा
"मुलगा डेंटिस्टच्या खुर्चीतून लगेच उठून पळतो, काय करू?"

आमच्याकडे पण हेच, नंतर कळलं की त्याला डॉक्टरांची भीती नव्हतीच, खुर्ची मागे झुकते ना ते सहन होत नव्हतं. मग त्यांनी खुर्ची आधीच आडवी करून ठेवली आणि हा स्वतः चढून झोपला. तिथे काय काय होणार ते त्याला क्रमाने दाखवायला फोटोंची पट्टी करा, फोटो नेटवरचे नको, त्याच क्लिनिकचे काढा, दार, खुर्ची, लाईट, आरसा, शेवटी घर, वेल्क्रोने पट्टीवर लावा, एकेक झालं की तोच काढून डब्यात टाकेल. पहिल्या खेपेला फक्त खुर्ची, पुढच्या वेळी तोंडात आरसा आणि दहा आकडे, दहाला थांबायचं म्हणजे थांबायचंच, "अजून जरासं" केलं की पुढच्या वेळी दारातच अडतो (आमचा अडला). दुखत असेल किंवा सूज असेल तर मात्र यात वेळ घालवू नका, लगेच दाखवा.