मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर ताटापासून हटत नाही

2 वर्षांची लॅब्रॅडॉर जेवताना मांडीवर हनुवटी टेकते आणि पाठ वळली की ओट्यावरची पोळी पळवते. सध्या आमच्या जेवणाआधी तिचं खाणं उरकतो. मग टेबलापासून 6 फुटांवर चटई. तिथे टिकली की तिच्याच खाण्यातला एकेक दाणा चटईवर, आधी दर 5 सेकंदांनी, मग 10, मग 30. ताटातलं काहीच नाही. सुरुवातीला भुंकणं वाढतं, नेमकी तेव्हाच आजी विरघळतात. आठवड्यातून एक तुकडा मिळाला तरी आशा सुटत नाही. ओटा रिकामाच ठेवतो, कांदा आणि मनुका कुत्र्यांना विषारी. दाणे आजींच्याच हातून चटईवर टाकले, तर ती त्यांच्या खुर्चीकडे जास्त ओढली जाईल का? कुणी करून पाहिलंय?