मदत हवी आहे: शेततळ्यातला एरेटर पहाटे सारखा चालू-बंद होतोय

इंदापूरकडे अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. सोलर पॅनल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर ESP32 चालतो. त्याला तापमानासाठी DS18B20 आणि विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी गॅल्व्हॅनिक प्रोब जोडलाय. एरेटर मात्र लाइटीवर, काँटॅक्टरमधून चालतो. ऑक्सिजन ३.५ मिग्रॅ/लिटरच्या खाली गेला की चालू, ५ च्या वर गेला की बंद.

पहाटे चारला एरेटर सुरू झाला की दोन-तीन मिनिटांतच रीडिंग ५ च्या वर जातं आणि तो बंद पडतो. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. एवढ्यात अख्ख्या तळ्याचं पाणी सुधारणं शक्यच नाही. मासे तर वर येऊन तोंडं मारत असतात!

काल एरेटर बंद असताना प्रोब नुसता हाताने हलवला, तर २.९ चं ३.८ झालं. म्हणजे स्थिर पाण्यात प्रोब पडद्यालगतचा ऑक्सिजन स्वतःच खातो आणि कमी दाखवतो, असं वाटतंय. शिवाय तो एरेटरपासून जेमतेम दहा फुटांवर आहे.

प्रोब पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन शेजारी छोटा १२ व्होल्टचा पंप रीडिंगआधी मिनिटभर चालवावा, की एरेटर एकदा लागला की किमान तासभर बंदच होऊ देऊ नये? कुणी केलंय का असं?