‘चलन स्थिर असूनही चलनवाढ’ हे वाक्य चूक आहे का?

नौपाडावासी: अर्थशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. आशय असा, की मोबाईलवरून पैसे देता येऊ लागल्यावर लोकांचं जवळ कमी शिल्लक ठेवूनही भागतं. तोच पैसा जास्त वेळा फिरतो, आणि एकूण पैसा तेवढाच राहूनही महागाई वाढू शकते. मी लिहिलं, ‘पैशाची मागणी घटली, भ्रमणवेग वाढला आणि चलन स्थिर असूनही चलनवाढ झाली.’ संपादकांनी शेवटचा तुकडा ‘वदतोव्याघात’ म्हणून कापला, ‘मागणी घटली’वरही लाल खूण केली. काय लिहू?

जांभळी नाक्याचा दुकानदार: ताई, पैशाची मागणी कधी घटते का? चाळीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. घटते ती मालाची मागणी. सरळ ‘मंदी’ लिहा.

घोडबंदरकर: काका, इथे मागणी म्हणजे पैसा हवासा वाटणं नव्हे, तो जवळ बाळगणं. एका घराचा महिन्याचा रोख खर्च ३०,००० धरा. एक तारखेला सगळे एटीएममधून काढले आणि रोज सारखे खर्चले, तर महिनाभर सरासरी १५,००० घरात पडून असतात. तेच दोन वेळा काढले तर सरासरी ७,५०० वर येते. खर्च तेवढाच, बाळगलेली रोकड निम्मी, म्हणजे तिचा वेग दुप्पट. मी ‘पैसा बाळगण्याची गरज घटली’ असं लिहीन.

वाशी मार्केट: ‘बाळगणं’ झकास! पण ‘भ्रमणवेग’ कशाला? आमच्या बाजारात ‘उलाढाल’ आहे की.

घोडबंदरकर: उलाढाल म्हणजे एकूण रक्कम. इथे एक रुपया वर्षात किती हात फिरला, ते हवंय.

वाशी मार्केट: मग ‘फेरे’ म्हणा. भ्रमण ग्रहांचं असतं.

कोपरीची मुलगी: शब्द कुठलाही घ्या, आता नोटा संपतच आल्यात ना. मी महिनोन्‌महिने एटीएमला जात नाही.

घोडबंदरकर: तुझ्यापुरतं खरं आहे. देशात मात्र जीडीपीच्या तुलनेत नोटांचं प्रमाण नोटबंदीनंतर मार्च २०१७ला ९ टक्क्यांच्या खाली आलं आणि २०२०-२१मध्ये १४च्या वर गेलं. यूपीआय याच काळात फोफावलं. कोविडच्या धास्तीने लोकांनी नोटा कपाटात ठेवल्या. दुसरं असं, की यूपीआयने दिलेला पैसा या खात्यातून त्या खात्यात जातो. तू नोटा काढल्या नाहीस तर खात्यातली शिल्लक तेवढी जास्त राहते. नोटा आणि ठेवी मिळून मोजलं तर मागणी घटलीच असं नाही. म्हणून ‘पैसा’ म्हणजे नक्की काय धरलंय, ते लेखात आधी बघा.

कोपरीची मुलगी: आजीचा गव्हाच्या डब्यातला पैसा आठवला. नोटबंदीत तो बाहेर आला, आणि वर्षभरात डबा पुन्हा भरला.

नौपाडावासी: आणि माझी ‘चलनवाढ’?

घोडबंदरकर: खरी गोम तिथेच आहे. चलन वाढलं की भाव वाढतात, हा सिद्धान्तच आपण शब्दात कोंबलाय. तो वेग स्थिर असेपर्यंतच चालतो. उत्पादन ६ टक्के वाढेल आणि महागाई ४ टक्के असावी, म्हणून रिझर्व्ह बँकेने पैसा १० टक्के वाढवला समजा. वेगही ३ टक्के वाढला, तर महागाई साधारण ७ वर जाते. बँकेने लक्ष्य अचूक गाठलं तरी हेतू फसला! त्यात हा वेग थेट मोजता येत नाही. जीडीपीला पैशाने भागून तो मागाहून कळतो. आपल्याकडे चक्रवर्ती समितीने १९८५ साली पैशाच्या वाढीचं लक्ष्य सुचवलं, १९९८मध्ये रिझर्व्ह बँकेने ती चौकट सोडली. २०१६पासून कायद्याने लक्ष्य महागाईचंच आहे, ४ टक्के, अधिकउणे २. बँक व्याजदर ठरवते, आणि त्या दराला लोकांना जेवढा पैसा लागेल तेवढा पुरवते. त्यामुळे मागणी हलली तरी लक्ष्य लगेच कोलमडत नाही. म्हणून ‘महागाई’ लिहा. तुमचं मूळ वाक्यही बरोबरच आहे.

शुद्धमराठी: अजिबात नाही. ‘महागाई’ ही बायकांनी बाजारात करायची तक्रार आहे. ‘चलनवाढ’ पाठ्यपुस्तकांत रुळलेली संज्ञा आहे, ती एका लेखासाठी मोडू नये.

कोपरीची मुलगी: बायकांची तक्रार हीच तर मोजतात. बँकेचं लक्ष्य ग्राहक किंमत निर्देशांकावर आहे, त्यात कांदेबटाटेही येतात.

वाशी मार्केट: मुळात ‘चलन’ म्हणजेच चालणं. चल् धातू. डब्यातल्या नोटांना चलन म्हणणंच चूक.

जांभळी नाक्याचा दुकानदार: मग बँकेत भरतो ते चलन? तेही चालण्यावरूनच का?

शुद्धमराठी: ते ‘चलान’. हिंदीतून आलं.

वाशी मार्केट: हिंदीत तरी कुठून आलं? धातू तोच.

नौपाडावासी: ‘बाळगण्याची गरज’ घेतला. ‘चलनवाढ’ ठेवू की ‘महागाई’, कुणी सांगेल का? मजकूर शुक्रवारी द्यायचा आहे.

शुद्धमराठी: चलानाबद्दल जुना कोश बघून लिहितो.